तीस खोक्यांत एसी: उन्हाळी सेलच्या जाहिरातीचं वाचन

जाहिरातीच्या भाषेवर टीका करायची म्हटली की लोक टीव्हीवरच्या जाहिराती घेतात किंवा मोठाले होर्डिंग घेतात. मी ज्या मजकुरावर पीएचडी करतेय तो इतका छोटा आहे, की घरी सांगितलं तेव्हा आईने विचारलं, "एवढ्याशावर चार वर्षं?" गूगलवर काही शोधलं की वर 'Sponsored' असं लिहून दोन-चार ओळी येतात, तो हा मजकूर. हेडलाइनला तीस कॅरेक्टर, खालच्या वर्णनाला नव्वद. बस. आजच्या पोस्टमध्ये अशीच एक जाहिरात समोर ठेवून वाचणार आहे. जाहिरात एसीच्या सेलची आहे, काळ फेब्रुवारी-मार्चचा आहे आणि गाव नागपूर आहे.

दुकानाचं नाव सांगणार नाही, कारण दुकानदारांनी विश्वासाने त्यांच्या खात्यातला मजकूर दाखवला. किमतीही थोड्या बदलल्यात. बाकी मजकूर असा होता:

हेडलाइन 1: उन्हाळी एसी महासेल
हेडलाइन 2: 5 स्टार एसी ₹26,990 पासून
हेडलाइन 3: जुन्या एसीवर भरघोस सूट
हेडलाइन 4: मोफत इन्स्टॉलेशन
हेडलाइन 5: ऑफर संपत आली, त्वरा करा

वर्णन: नागपूरचा उन्हाळा सुरू होण्याआधी घरी आणा गारवा. ईएमआय उपलब्ध. अटी लागू.

वाचायला काही वावगं नाही. अशा शंभर जाहिराती आपण रोज पाहतो. पण ही लागल्यापासून दुकानात रोज एक तरी वाद होत होता. लोक फोन पुढे करून म्हणायचे, "इथं 26,990 लिहिलंय." आणि काउंटरवरचा मुलगा सांगायचा, "ते जुना एसी दिला तर. नाहीतर 30,990." चार हजारांचा फरक. त्यावर दुकानदारांचं मला दिलेलं उत्तर असं होतं: "ताई, जागाच नाही तर लिहू कुठं? मराठीत तर अजूनच कमी लिहिता येतं."

या एका वाक्यात दोन दावे आहेत. मराठीला जागा कमी पुरते, हा एक. जागा नव्हती म्हणून अट लिहिली नाही, हा दुसरा. दोन्ही तपासून पाहू.

खोकं काय मोजतं?

शाळेत आपण अक्षरं मोजायला शिकलो ती वेगळी. 'उन्हाळी' म्हणजे उ, न्हा, ळी, अशी तीन अक्षरं. जाहिरातीच्या खोक्याला मात्र ही तीन दिसत नाहीत. त्याला दिसतात युनिकोडमधली सुटी चिन्हं: उ, न, हलन्ताची खूण, ह, काना, ळ, वेलांटी. एकूण सात. ज्यांना पायथॉन येतं त्यांनी स्वतः करून बघावं:

```
>>> len("उन्हाळी")
7
>>> len("Summer")
6
```

म्हणजे प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी, प्रत्येक अनुस्वार हे एक कॅरेक्टर आहे. जोडाक्षर आलं की त्यातली न दिसणारी हलन्ताची खूणही मोजली जाते. 'इन्स्टॉलेशन' हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा आहे, खोक्याला अकरा चिन्हांचा. त्यामुळे पहिल्यांदा लिहिणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. पंधरा-सोळा अक्षरं झाली की आकडा लाल होतो आणि मनात येतं, इंग्रजीवाल्यांना तीस आणि आपल्याला पंधरा!

पण जरा थांबा. इंग्रजीतही 'अक्षर' म्हणजे आपलं अक्षर नव्हेच. Installation लिहायला रोमन लिपीत बारा चिन्हं लागतात, देवनागरीत अकरा. Exchange आठ, 'एक्सचेंज' पण आठ. Discount आठ, आणि आपली 'सूट' फक्त तीन. Free चार, 'मोफत' चार. रोमन लिपी स्वर सुटा लिहिते, आपण तो व्यंजनाला चिकटवतो. मोजणारा मात्र दोन्ही सुटे करून मोजतो, त्यामुळे हिशोब जवळपास सारखा पडतो. उलट मराठीची एक सोय आहे: विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडूनच येतात, मधली मोकळी जागा वाचते. 'उन्हाळ्याआधी' बारा, Before Summer तेरा.

ही तक्रार मुळात आली कुठून, याचा माझा अंदाज असा की ती एसएमएसच्या दिवसांतून आली. तिथे मराठीवर खरोखर अन्याय होता. रोमन लिपीतला एक संदेश 160 कॅरेक्टरचा, आणि देवनागरीतलं एक चिन्ह जरी आलं तरी मर्यादा थेट 70 वर. दुकानदार मंडळींनी वर्षानुवर्षं बल्क एसएमएसचे पैसे भरलेत, त्यांच्या डोक्यात ते पक्कं बसलंय. शोध जाहिरातीत तसं नाही. जपानी, चिनी, कोरियन चिन्ह तिथे दोन धरतात. देवनागरीचं चिन्ह एकच धरतात.

काही खाचखळगे मात्र आहेत, आणि तेही सांगते. 'खऱ्या' हा शब्द दोन पद्धतीने टाइप होतो. काही कीबोर्ड 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह टाकतात, तेव्हा शब्द पाच चिन्हांचा होतो. काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात, तेव्हा तोच शब्द सहाचा होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. 'स्टँड'चंही तसंच: ट वर चंद्रबिंदू दिला तर एक खूण, अर्धचंद्र आणि अनुस्वार वेगवेगळे दिले तर दोन. तुम्ही मोजलंत तीस, खोकं म्हणतंय एकतीस, असं झालं तर हा प्रकार आधी शोधावा. उपाय सोपा: तो शब्द खोडून दुसऱ्या कीबोर्डने पुन्हा लिहायचा.

शब्दांची निवडही महत्त्वाची. शासकीय मराठीचा 'वातानुकूलन यंत्र' सोळा चिन्हं खातो, अर्धी हेडलाइन तिथेच संपली. 'ए.सी.' ठिपक्यांसकट पाच. 'एसी' तीन. लोकही बोलताना एसीच म्हणतात, त्यामुळे इथे काटकसर आणि बोलीभाषा एकाच बाजूला आहेत.

तर पहिला दावा पडला. मराठीला जागा कमी पुरत नाही.

जागा खरंच नव्हती का?

आता वरच्या पाच हेडलाइन मोजू. पहिली अठरा. दुसरी, किमतीची, पंचवीस. तिसरी बावीस, चौथी सोळा, पाचवी तेवीस. एकही तीसपर्यंत गेलेली नाही. वर्णन सत्तर, म्हणजे नव्वदपैकी वीस कॅरेक्टर रिकामी पडून आहेत. शिवाय एका जाहिरातीत पंधरापर्यंत हेडलाइन आणि चारपर्यंत वर्णनं देता येतात. इथे हेडलाइन पाचच आहेत, आणि वर्णनाचं म्हणाल तर किमान दोन द्यावी लागतात म्हणून दुसऱ्यात पहिल्याचेच शब्द उलटसुलट करून भरले होते. म्हणजे जागा नव्हती असं नाही. जागा होती, ती 'महासेल', 'भरघोस', 'त्वरा करा' आणि 'घरी आणा गारवा' यांना दिली.

माझा आक्षेप या शब्दांच्या गोडपणाला नाही. जाहिरात आहे, थोडं गोड बोलणारच. आक्षेप याला आहे की हे शब्द काढले तर वाचणाऱ्याचं काहीच कमी होत नाही, आणि जो शब्द नसल्यामुळे माणूस चार हजारांनी चुकतो तो मात्र लिहिलेला नाही.

दुकानदारांना हे दाखवलं तर ते म्हणाले, "पण लिहिलंय की. तिसऱ्या हेडलाइनमध्ये जुन्या एसीवर सूट आहेच." आणि खरी गोम इथे आहे.

तुकड्यांचा खेळ

जुन्या पद्धतीत तुम्ही पहिली हेडलाइन, दुसरी हेडलाइन असं लिहायचात आणि ती त्याच क्रमाने दिसायची. 2022 च्या जूनअखेरीनंतर तशा जाहिराती नव्याने बनवताच येत नाहीत. आता तुम्ही नुसते तुकडे देता. त्यातले कुठले तीन दाखवायचे, कुठल्या क्रमाने, हे यंत्र प्रत्येक शोधाच्या वेळी ठरवतं. फोनच्या पडद्यावर कित्येकदा दोनच दिसतात.

म्हणजे दुकानदारांनी जे एक वाक्य म्हणून लिहिलं होतं ("5 स्टार एसी 26,990 पासून, जुन्या एसीवर भरघोस सूट") ते वाक्य म्हणून कुणालाच दिसेल याची खात्री नव्हती. एक छोटा हिशोब करू. पाच हेडलाइनपैकी तीन दिसतात असं धरलं, तर किंमत असलेल्या जितक्या मांडण्या शक्य आहेत त्यांतल्या बरोबर निम्म्यांत जुन्या एसीचा उल्लेखच येत नाही. दोनच हेडलाइन दिसल्या तर चारपैकी तीन वेळा येत नाही. आणि समजा कुणी शहाण्याने सांगितलं म्हणून पंधराच्या पंधरा हेडलाइन भरल्या, तर तीन-तीनच्या मांडणीत सातपैकी सहा वेळा किंमत एकटीच दिसेल.

हा हिशोब सगळ्या मांडण्या सारख्याच वेळा दिसतात असं मानून केलाय. प्रत्यक्षात तसं नसतं, आणि प्रत्यक्षातली गोष्ट जास्त वाईट आहे. कुठल्या मांडणीवर लोक क्लिक करतील, याच्या अंदाजावर यंत्र निवड करतं. अट नसलेली किंमत ही अट असलेल्या किमतीपेक्षा नेहमीच जास्त आकर्षक दिसणार. त्यामुळे कुणीही खोटं बोलायचं ठरवलेलं नसताना जाहिरात हळूहळू खोट्याकडे सरकते. प्रत्येक तुकडा खरा असतो, जोडणी खोटी पडते. माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण याच वाक्यावर उभं आहे.

यात भर घालतो तो 'Ad strength' नावाचा मापक. हेडलाइन वाढवा, वेगवेगळ्या करा, की तो Poor वरून Good, Excellent असा चढत जातो. तो तुकड्यांची संख्या आणि विविधता बघतो. किंमत आणि अट एकत्र आहेत का, हे बघणं त्याचं कामच नाही. त्यामुळे मापक चढवायच्या नादात माणूस नेमकी अट पातळ करत जातो.

आपल्या जाहिरातीत हे घडतंय का, हे ओळखायचं कसं? खात्यातच एक अहवाल असतो, त्यात कुठले तुकडे कुठल्या तुकड्यांसोबत दिसले आणि किती वेळा दिसले ते मिळतं. आम्ही तो उघडला. सर्वांत वरच्या ओळीत होतं: 5 स्टार एसी ₹26,990 पासून, मोफत इन्स्टॉलेशन, उन्हाळी एसी महासेल. दुकानदार थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तर मी लिहिलंच नाही." खरंही होतं आणि नव्हतंही.

मग कूलरवाले आले

वाद घालणारे लोक कोण होते, हे मला नंतर कळलं. नागपुरात मे महिन्यात पारा 45 पर्यंत जातो, पण हवा कोरडी असते. त्यामुळे वाळ्याचे पडदे लावलेले डेझर्ट कूलर तिथे घरोघरी चालतात. मार्चमध्ये एसी शोधणाऱ्यांपैकी बरेच जण आयुष्यातला पहिला एसी घेत असतात. म्हणजे त्यांच्याकडे बदल्यात द्यायला जुना एसी नसतोच. 26,990 हा आकडा नेमका अशा लोकांना ओढत होता ज्यांना तो लागूच नव्हता. एक काका तर जुना कूलर ऑटोत घालून घेऊन आले होते. चूक त्यांची म्हणता येत नाही. 'जुना द्या, नवा न्या' हे आपण सगळे असंच वाचतो.

या प्रसंगामुळे मजकूर लिहिताना एक धडा मिळाला. पहिल्यांदा मी सुचवलं होतं: 'जुना देऊन ₹26,990 पासून'. तेवीस कॅरेक्टर, सुटसुटीत, आणि अट किमतीला चिकटलेली. पण 'जुना' काय? कूलरवाल्याला त्याचा कूलरच आठवणार. म्हणून 'एसी' हा शब्द आत यायलाच हवा. मग झालं:

जुना एसी दिल्यास ₹26,990 पासून

मोजा. चार, मोकळी एक, तीन, मोकळी एक, सात, मोकळी एक, सात, मोकळी एक, पाच. बरोबर तीस! मला तर इतका आनंद झाला की मी तो कागदावर लिहून ठेवला. जागाच नाही म्हणत होतो, आणि अट, वस्तू, किंमत सगळं एका तुकड्यात बसलं. आता यंत्राने हा तुकडा कुठेही टाकावा, कशाही शेजारी टाकावा, त्यातून अट गळून पडू शकत नाही.

असा एक मार्ग सांगितला जातो की तुकडे 'पिन' करावेत, म्हणजे किंमत पहिल्या जागी आणि अट दुसऱ्या जागी खिळवून टाकावी. ते चालतं, तिसऱ्या जागी खिळवण्यापेक्षा नक्कीच बरं, कारण तिसरी जागा दिसेलच याची हमी नसते. पण तरी ती दोन वेगळ्या तुकड्यांची जुळवणूकच राहते. एकाच तुकड्यात बसत असेल तर खिळ्यांवर विसंबू नये.

तरी माझा आनंद दोन दिवसच टिकला. 'पासून' हा शब्द पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आलं की अजून एक अट त्याच्या पोटात लपलीय. 26,990 ला मिळणारा एसी एक टनाचा होता. वरच्या मजल्यावरच्या, स्लॅब तापणाऱ्या खोलीसाठी माणूस दीड टन शोधत असतो. 'पासून' म्हटलं की दुकानदार सुटतो, पण वाचणारा आपल्या मनातला एसी त्या किमतीला जोडून मोकळा होतो. मग उलट विचार केला: टनाचा आकडाच सांगितला तर 'पासून'ची गरज काय?

1 टन, जुना एसी देऊन ₹26,990

सत्तावीस. तीन कॅरेक्टर शिल्लक, आणि सांगण्यासारखं सगळं सांगितलेलं. आणि कूलरवाल्यांसाठी दुसरा तुकडा:

पहिला एसी? 1 टन ₹30,990

तेवीस. मला स्वतःला हा सगळ्यात आवडला. यात प्रश्न आहे, पण नाटकी नाही. ज्याच्याकडे जुना एसी नाही त्याला कळतं की हा आकडा आपला.

'मोफत'चं काय?

'मोफत इन्स्टॉलेशन' हाही असाच तुकडा. ज्यांनी घरी एसी बसवून घेतलाय त्यांना माहितेय की फिटिंगला आलेला माणूस काम झाल्यावर एक यादी देतो. बाहेरच्या युनिटचा लोखंडी स्टँड, सोबत आलेल्या तीन मीटरपेक्षा जास्त लागलेला तांब्याचा पाइप, स्टॅबिलायझर. मोफत होती ती फक्त मजुरी. ग्राहकाला वाटतं लुबाडलं, फिटरला वाटतं माझा काय दोष. मूळ दोष सोळा कॅरेक्टरच्या त्या हेडलाइनचा. ती सोळावर थांबली, चौदा मोकळी सोडली.

दुरुस्ती अशी: हेडलाइन 'फिटिंगची मजुरी मोफत', एकोणीस. आणि वर्णन:

फिटिंगची मजुरी मोफत. स्टँड, तीन मीटरपुढचा तांब्याचा पाइप, स्टॅबिलायझर यांचे पैसे वेगळे.

सत्त्याऐंशी कॅरेक्टर. नव्वदमध्ये बसतं. आधीच्या वर्णनात शेवटी 'अटी लागू' होतं, ते आता लागतच नाही, कारण अटच लिहिलीय. हे नुसतं सौजन्य नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलाशाने मुख्य दाव्यातली महत्त्वाची माहिती लपवता कामा नये, आणि दावा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत खुलासा असायला हवा. 'अटी लागू' या दोन शब्दांमागे चार हजार रुपये लपवणं त्यात बसत नाही.

पाचवी हेडलाइन, 'ऑफर संपत आली, त्वरा करा', हिच्याबद्दल एवढंच: ती फेब्रुवारीत लिहिली होती आणि मार्चअखेरही तशीच होती. तिच्या जागी 'पाडव्यापर्यंत हाच भाव', एकवीस कॅरेक्टर. घाई लावायचीच तर तारखेने लावावी. पाडवा सगळ्यांना कळतो, आणि तो उलटला की हेडलाइन काढावी लागते, हा त्याचा फायदाच.

जे तीसमध्ये बसत नाही

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. सगळंच बसतं असा माझा दावा नाही. '5 स्टार' घ्या. हे दोन शब्द दिसायला पूर्ण वाटतात, पण नाहीत. एसीला तारे देणारे निकष ठराविक काळाने कडक केले जातात. जुलै 2022 मध्ये तसे झाले तेव्हा आधीचे पाच तारे नव्या मोजपट्टीवर चार झाले. उन्हाळ्याच्या तोंडावरच्या सेलमध्ये आधीच्या वर्षाचा माल हमखास निघतो. म्हणून पाच तारे म्हणजे कुठल्या वर्षीचे पाच, हे लेबलवर बघावं लागतं. हे हेडलाइनमध्ये सांगायला मी बराच वेळ झटले. '1 टन 5 स्टार, जुना देऊन ₹26,990' हेच एकतीस होतं. स्वल्पविराम काढला तर तीसमध्ये बसतं, पण मग '5 स्टार जुना' असं वाचलं जातं, म्हणजे बदल्यात द्यायचा एसी पाच स्टारचा हवा! एका स्वल्पविरामाने अर्थ उलटतो. वर्षाला तर जागा दूरच. तेव्हा माझं मत असं झालं की जे अटीसकट बसत नाही ते हेडलाइनमध्ये घालूच नये. तारे लिंकमागच्या पानावर टाकावेत, लेबलच्या फोटोसकट.

दुसरी अडचण पैशाची. दुकानदारांनी नवा मजकूर वाचून पहिला प्रश्न विचारला, "क्लिक कमी होतील ना?" होतील. आणि क्लिकचं अपेक्षित प्रमाण घटलं की जाहिरातीचा लिलावातला क्रम खाली जाऊ शकतो, तीच जागा टिकवायला प्रत्येक क्लिकमागे जास्त मोजावं लागू शकतं. खरं लिहिणाऱ्याला यंत्र बक्षीस देत नाही, हे मान्य केलं पाहिजे. पण क्लिकचे पैसे दुकानदार भरतो, विक्री झाली नाही तरी. ज्याच्याकडे जुना एसी नाही त्याने 26,990 बघून केलेली प्रत्येक क्लिक ही विकत घेतलेलं भांडण होती. अट हेडलाइनमध्येच असली की ती क्लिकच्या आधी, फुकटात माणसं चाळते. किती क्लिक आल्या हे न बघता, एका विक्रीमागे क्लिकवर किती खर्च झाला हे बघावं, तेव्हाच दोन मजकुरांची खरी तुलना होते. तसा हिशोब ठेवायला दुकानात येणाऱ्याला 'कुठे वाचलंत?' हे विचारावं लागतं. त्यांनी काउंटरवर एक वही ठेवलीय.

'महासेल' मात्र त्यांनी काढू दिलं नाही. म्हणाले, "ताई, एक तरी राहू द्या. बाजूच्या दुकानाचं आहे, माझं नसलं तर लोक म्हणतील याच्याकडे सेलच नाही." मी वाद घातला नाही. अठरा कॅरेक्टरची ती हेडलाइन कुणाचं नुकसान करत नाही. किमतीचे दोन तुकडे आणि फिटिंगचा एक बदलला तेवढ्यावर मी समाधानी आहे.

पुढच्या पोस्टमध्ये हाच प्रश्न ईएमआयच्या जाहिरातींत कसा दिसतो ते लिहीन. तिथे 'शून्य टक्के' हे दोन शब्द असतात, आणि प्रोसेसिंग फी हा शब्द कधीच नसतो. तोवर तुमच्या फोनवर दिसलेल्या एखाद्या एसीच्या जाहिरातीतली कॅरेक्टर मोजून बघा. किती रिकामी होती आणि काय लिहायचं राहिलं, दोन्ही दिसेल.